गोदाम गार, बियाणं कोरडं : इनडायरेक्ट कूलर किती थंड करतो आणि पाणी किती पितो?

जालना : सोयाबीनचं बियाणं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोदामात जातं आणि जूनमध्ये पेरणीला बाहेर निघतं. मधल्या काळात मार्च ते मे असा कडक उन्हाळा त्याला पत्र्याखाली काढावा लागतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. थैलीत भरताना ८० टक्के उगवण असलेला लॉट मे संपता संपता ७० च्या खाली गेला, तर गोदामवाल्याचं नुकसान होतं आणि शेतकऱ्याच्या नशिबी दुबार पेरणी येते.

म्हणून बदनापूर, अंबड, भोकरदन, परतूर भागातल्या शेतकरी कंपन्या आणि बीजोत्पादक गट आता गोदाम थंड ठेवायचं म्हणतात. एसी परवडत नाही. साधा डक्ट कूलर लावला तर आत दमटपणा होतो. तिसरा पर्याय म्हणून विक्रेते इनडायरेक्ट कूलर दाखवतात. "हवा थंड, पण ओली नाही", असं सांगतात. ते खरं आहे. पण हे मशीन किती थंड करेल हे एका वेगळ्याच तापमानावर ठरतं, आणि ते पाणी किती पिईल हे कोटेशनवर सहसा लिहिलेलं नसतं. ऐन मे महिन्यात, गावाला टँकर चालू असताना हा प्रश्न येणारच. त्यामुळे दोन्ही गोष्टींचा हिशोब आधीच मांडून बघू.

ओल्या फडक्यातली बाटली

शेतात जाताना पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळतात, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फडक्यातलं पाणी वाऱ्यानं सुकतं, सुकताना उष्णता ओढून घेतं आणि बाटलीतलं पाणी गार होतं. पण फडक्यातला एक थेंबही बाटलीच्या आत जात नाही. इनडायरेक्ट कूलर म्हणजे नेमकं हेच, फक्त बाटलीतल्या पाण्याच्या जागी हवा.

मशीनमध्ये पातळ पत्र्यांच्या किंवा प्लास्टिकच्या शेकडो अरुंद गल्ल्या असतात. एका गल्लीतून गोदामात जाणारी कोरडी हवा जाते. तिच्या शेजारच्या गल्लीत पाणी फवारलेलं असतं आणि तिथून दुसरी हवा जाते. ही दुसरी हवा ओली होऊन सरळ बाहेर फेकली जाते. मधल्या पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही.

साध्या डक्ट कूलरमध्ये हवा ओल्या पॅडमधूनच गोदामात येते. ती जास्त थंड होते, पण पाणी सोबत घेऊन येते.

खरा आकडा ओल्या तापमानाचा

"आज पारा ४२ वर" अशी बातमी येते, तो असतो कोरड्या थर्मामीटरचा आकडा. त्याच थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून वाऱ्यात धरलं की पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. या आकड्याला वेट बल्ब म्हणजे ओलं तापमान म्हणतात. हवा जितकी कोरडी, तितका तो जास्त उतरतो. पाणी सुकवून मिळणाऱ्या गारव्याची साधारण हद्द हीच असते.

आपल्याकडची मे महिन्यातली एक कडक दुपार हिशोबासाठी धरू. तापमान ४२ अंश, हवेतला दमटपणा २० टक्के. समुद्रसपाटीपासून आपली उंची पाचशे मीटरच्या आसपास आहे, ती धरून ओलं तापमान निघतं सुमारे २३ अंश. म्हणजे ४२ आणि २३ मध्ये १९ अंशांचं अंतर. कूलरला खेळायला मिळणारं मैदान हे एवढंच.

चांगला इनडायरेक्ट कूलर या अंतराचा साधारण ५५ ते ७० टक्के भाग कापतो. आपण ६५ टक्के धरू. १९ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२ अंश. गोदामात येणारी हवा झाली ४२ वजा १२, म्हणजे ३० अंश. ही ३० अंशांची हवा ओल्या तापमानापासून अजून ७ अंश दूर राहिली. या उरलेल्या अंतराला अप्रोच म्हणतात. अप्रोच जितका कमी, तितकं मशीन चांगलं. पण अप्रोच कमी करायचा तर गल्ल्या वाढतात, पंखा मोठा लागतो आणि किंमतही चढते.

विक्रेता जेव्हा म्हणतो, "साहेब, बाहेर ४२ असलं तरी आत २५ देतो," तेव्हा एकच प्रश्न विचारायचा : कोणत्या ओल्या तापमानाला? उत्तर येत नसेल तर तो आकडा सोडून द्यायचा. दवबिंदूच्या तत्त्वावर चालणारी काही मशीन ओल्या तापमानाच्या खूप जवळ, क्वचित त्याच्याही खाली जातात हे खरं. पण त्यासाठी थंड केलेल्या हवेतलाच मोठा वाटा ती ओल्या गल्लीत परत वळवतात आणि बाहेर टाकतात. म्हणून तेवढीच हवा गोदामाला द्यायची तर मशीन मोठं घ्यावं लागतं.

२७ अंश की ३० अंश?

आता त्याच दुपारी दोन्ही कूलर शेजारी ठेवून बघा.

साधा डक्ट कूलर अंतराचा ८० टक्के भाग कापतो. त्यातून हवा येईल सुमारे २७ अंशांची. पण तिचा दमटपणा असेल ७४ टक्क्यांच्या आसपास. इनडायरेक्टमधून हवा येईल ३० अंशांची आणि दमटपणा ३९ टक्के.

इथं कुणीही विचारेल की पाणी मिसळलंच नाही, तर २० चे ३९ कसे झाले? हवेतलं पाणी तेवढंच आहे. पण थंड हवेत पाणी धरून ठेवायची ताकद कमी असते, म्हणून तेवढंच पाणी टक्केवारीत जास्त दिसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पावसाळ्यात तो पुन्हा येणार आहे.

माणसाला २७ अंशांची ओली हवा बरी वाटेल. बियाण्याचं तसं नाही. सोयाबीनचा दाणा भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करतो. सत्तरीच्या पुढच्या दमटपणात तो आठवड्या-दोन आठवड्यांत १३ टक्के ओलाव्याकडे सरकतो, म्हणजे १२ टक्क्यांची हद्द ओलांडतो. चाळिशीच्या आतल्या दमटपणात तो ८ टक्क्यांच्या आत-बाहेर राहतो.

बियाणं साठवणीत हॅरिंग्टनचा एक जुना ठोकताळा वापरतात. ओलावा एक टक्का कमी झाला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं तरीही दुप्पट होतं. हा नियम ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. तीन अंश जास्त गारवा मिळवण्यासाठी चार-पाच टक्के ओलावा वाढवून घेणं म्हणजे बियाण्याच्या बाबतीत उलटा सौदा.

म्हणूनच "इनडायरेक्ट आणि डायरेक्ट दोन्ही एकत्र, टू-स्टेज घ्या" हा सल्लाही बियाण्याच्या गोदामासाठी मानू नका. टू-स्टेजमधून याच दुपारी २१-२२ अंशांची हवा मिळेल, पण तिचा दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असेल. कामगारांच्या हॉलला किंवा कोंबड्यांच्या शेडला ते चालेल. थप्पीला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. खूप कोरड्या हवेत सोयाबीनचं टरफल ठिसूळ होतं. बाहेरची २० टक्क्यांची हवा तेच करते, इनडायरेक्टमुळे ते वाढत नाही. पण थैल्या उचलून आपटू नका आणि थप्पी सात-आठ थैल्यांच्या वर लावू नका.

आधी पत्रा, मग मशीन

उदाहरणासाठी एक गोदाम घेऊ. लांबी ३० मीटर, रुंदी २० मीटर, उंची ६ मीटर. आत ३० किलोच्या ८,००० थैल्या. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर ही ८,००० एकरांची पेरणी झाली.

या गोदामाला वरून पांढरा परावर्तक रंग दिला, पत्र्याखाली ५० मिलिमीटर जाडीचं इन्सुलेशन लावलं आणि भिंती विटांच्या असल्या, तर भर दुपारी छत आणि भिंतींतून साधारण १७-१८ किलोवॅट उष्णता आत येते. उघड्या पत्र्याखाली हाच आकडा पाचपट होऊ शकतो. मग कोणतंही मशीन लावा, थंड हवा थप्पीपर्यंत पोचायच्या आधीच तापलेली असते. ज्याला पत्र्याचं काम करायचं नाही, त्यानं कूलरच्या कोटेशनवर वेळ घालवू नये.

पत्र्याचं काम झालेल्या गोदामाला ९,००० सीएफएमचं मशीन पुरतं. म्हणजे तासाला सुमारे १५,३०० घनमीटर हवा, म्हणजे गोदामातली हवा तासाला चार वेळा बदलते. ३० अंशांनी आत आलेली हवा उष्णता घेत ३३-३४ अंशांपर्यंत तापते आणि समोरच्या भिंतीवरच्या झरोक्यांतून बाहेर पडते. हे झरोके हवेतच. कूलर हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट नसेल तर मशीन नुसतं गुरगुरत राहतं. थंड हवा खालून सोडायची, गरम हवा वरून काढायची आणि झरोक्यांना बारीक जाळी बसवायची.

म्हणजे बाहेर ४२ असताना आत ३३-३४ अंश. ज्या पत्र्याच्या गोदामात पूर्वी थप्पीच्या माथ्यावर ४३-४४ व्हायचे, तिथं दहा अंश खाली आले. हॅरिंग्टनच्या हिशोबानं त्या तासांत बियाणं म्हातारं होण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. एवढं हे मशीन नक्की करतं. ३३ अंशांवर भुंगे-सोंडे मरत नाहीत, उलट कित्येक किडींना ३० च्या आसपासचं तापमान मानवतं. कोरडेपणा त्यांना थोडा रोखतो, पण साफसफाई आणि धुरीकरण टळत नाही.

पाणी कुठं जातं?

आता मुख्य हिशोब. पाणी दोन वाटांनी जातं.

पहिली वाट वाफेची. ओल्या गल्लीतून बाहेर फेकली जाणारी हवा सोबत पाणी घेऊन जाते. आपल्या उदाहरणातल्या मशीनमध्ये ही फेकली जाणारी हवा तासाला सुमारे १०,००० किलो असते. आत शिरताना तिच्या दर किलोत ११ ग्रॅम पाणी असतं. बाहेर पडताना ती साधारण २८ अंशांवर जवळजवळ पूर्ण ओली झालेली असते, तेव्हा दर किलोत २४ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पाणी भरतं. फरक सुमारे साडेतेरा ग्रॅमचा. दहा हजार किलो गुणिले साडेतेरा ग्रॅम, म्हणजे तासाला १३५ लिटर.

पुस्तकी हिशोबात एक युनिट उष्णता काढायला दीड लिटर पाणी सुकावं लागतं. इथं त्यापेक्षा जास्त जातं, कारण ओल्या गल्लीतली हवासुद्धा ४२ अंशांचीच आत येते. आधी तिला गार करण्यात पाणी जातं, मग ती आपल्या हवेची उष्णता घेते. त्याच दुपारी तेवढीच हवा देणाऱ्या साध्या कूलरला तासाला ११० लिटरच्या आसपास लागलं असतं. म्हणजे इनडायरेक्ट जास्त पाणी पितो आणि तीन अंश कमी गार करतो. कोरडेपणाची किंमत आपण पाण्यात मोजतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

१३५ हा भर दुपारचा आकडा झाला. सकाळी दहा ते संध्याकाळी सात अशा नऊ तासांची सरासरी ११० धरली, तर दिवसाला सुमारे १,००० लिटर वाफ होते.

दुसरी वाट निचऱ्याची. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० असेल आणि टाकीत पाणी नुसतं भरत राहिलो, तर काही दिवसांत टाकीतलं पाणी कढवलेल्या मिठवणीसारखं होतं आणि गल्ल्यांवर पांढरी खपली धरते. म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. याला ब्लीड म्हणतात.

किती सोडायचं? टाकीतला टीडीएस मूळ पाण्याच्या तिपटीवर, म्हणजे २,४०० वर रोखायचा ठरवला तर वाफेच्या निम्मं पाणी सोडावं लागतं. हिशोब सोपा आहे : जितक्या पटीवर रोखायचं त्यातून एक वजा करा आणि वाफेला त्यानं भागा. १,००० भागिले २, म्हणजे ५०० लिटर. बोअरचं पाणी १,२०० टीडीएसचं असेल तर तेवढ्याच हद्दीसाठी दोन पटींवर थांबावं लागेल आणि निचरा होईल १,००० लिटर. म्हणजे पाणी जितकं जड, तितकं ते जास्त वाया जातं.

८०० टीडीएस धरला तर दिवसाला एकूण दीड हजार लिटर. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खरोखर चालवायचे ७५ दिवस धरले, तर हंगामाला १ लाख १२ हजार लिटर. दहा हजार लिटरचे अकरा टँकर. थैल्यांवर वाटलं तर एका थैलीमागे १४ लिटर.

१४ लिटर म्हणजे एक कळशी. एका एकराच्या बियाण्याला एक कळशी, हे ऐकायला फार वाटत नाही. पण ते पाणी ज्या महिन्यात हवं त्याच महिन्यात गावातली विहीर तळ दाखवते. तेव्हा खरा प्रश्न पाणी किती लागतं एवढाच नसून ते मेमध्ये कुठून आणायचं हा आहे.

उत्तर त्याच छपरावर

याच गोदामाचं छप्पर ६०० चौरस मीटरचं आहे. वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी त्या छपरावरून ३ लाख लिटरहून जास्त पाणी वाहून जातं. आपल्याला हंगामभर लागतं त्याच्या जवळजवळ तिप्पट.

शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार नावापुरते. तिथं दहा पटींपर्यंत जाता येतं, म्हणून निचरा ५०० वरून १००-११० लिटरवर येतो. हंगामाची गरज १ लाख १२ हजारांवरून ८३ हजार लिटरवर उतरते. एकट्या निचऱ्यातच जवळपास ३० हजार लिटर, म्हणजे तीन टँकर वाचले.

८३ हजार लिटर साठवायला ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर खोल अशी झाकलेली टाकी पुरते. झाकलेली हवीच. उघड्या शेततळ्यात ठेवलं तर उन्हाळ्यात कूलरच्या आधी सूर्यच ते पिऊन टाकतो, आणि शेवाळ धरतं ते वेगळं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी छपरावरच्या धुळीसह सोडून द्यायचं, मग पुढचं टाकीत घ्यायचं. टाकीचा खर्च आहे, तो कूलरच्या खर्चासोबतच धरायचा. टाकी नाही आणि मेमध्ये टँकरचा भरवसाही नाही, अशा ठिकाणी मशीन घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. तिथं इन्सुलेशन आणि रात्रीची हवा एवढ्यावरच काम भागवावं.

बोअरचा निचरा पिण्याच्या लायकीचा नसतो. फरशी पुसायला, संडासाला वापरा. रोज एकाच झाडाच्या बुडाशी सोडला तर तिथली माती खारावते.

रात्री पाणी बंद, पंखा चालू

मेमध्येही आपल्याकडे रात्र उतरते. पहाटे २७ अंश आणि ४५ टक्के दमटपणा अशी हवा बाहेर फुकट मिळत असताना पाणी सुकवायचं कारण नाही. पंप बंद करायचा आणि कोरड्या गल्लीचा पंखा फक्त चालू ठेवायचा. रात्रभर थप्पी आणि भिंती गार झाल्या की दुसऱ्या दिवशी मशीन तासभर उशिरा सुरू केलं तरी चालतं. त्या एका तासाचं पाणी वाचतं.

रात्रीची हवा घेताना दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला तर पंखाही बंद करा. वळवाचा पाऊस पडून गेलेल्या रात्री हे हमखास होतं.

जून लागला की खेळ बदलतो. बाहेर ३३ अंश आणि ६० टक्के दमटपणा असेल, तर ओलं तापमान २६ च्या वर असतं. अंतर उरतं जेमतेम साडेसहा अंश, म्हणजे कूलर चार अंश गारवा देईल. पण तेवढ्यानंच हवेचा दमटपणा ६० वरून ७७ वर जातो. मघाशी सांगितलं तेच : पाणी मिसळलं नाही तरी गार झालेली हवा टक्केवारीत ओली होते. अशा दिवशी इनडायरेक्ट कूलरसुद्धा बियाण्याचं नुकसान करतो. मशीन बंद, झरोके बंद. सुदैवानं तोवर बियाणं गोदामातून निघालेलं असतं. ज्याला बियाणं पावसाळा पार करून पुढच्या वर्षापर्यंत ठेवायचं आहे, त्याला एसी आणि हवा कोरडी करणारं मशीन असलेली बंद खोलीच लागते. हे काम कूलरचं नाही.

मशीन बिघडलंय हे कसं कळतं?

काचेचे दोन साधे थर्मामीटर, मलमलची चिंधी आणि पाण्याची पाटी, एवढ्यावर तपासणी होते. एका थर्मामीटरच्या फुग्याला चिंधी गुंडाळा आणि ती स्वच्छ, शक्यतो पावसाच्या पाण्यात भिजवा. सावलीत पंख्यासमोर दोन-तीन मिनिटं धरा आणि पारा उतरायचा थांबला की आकडा लिहा. हे झालं बाहेरचं ओलं तापमान. मग कोरड्या थर्मामीटरनं डक्टच्या तोंडाशी हवेचं तापमान घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा अप्रोच.

मशीन नवीन असताना हा आकडा वहीत लिहून ठेवा. भर दुपारी ७ अंश येत होता आणि आता ९-१० येऊ लागला, तर ओल्या गल्लीत काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा फवाऱ्याची तोंडं क्षारानं बुजलेली असतात किंवा गल्ल्यांवर खपली धरलेली असते. झाकण उघडून टॉर्च मारा. पत्र्याचा एखादा पट्टा कोरडा राहिलेला दिसला तर वरचा फवारा बंद आहे. खपली पातळ असताना निर्मात्यानं सांगितलेल्या सौम्य आम्लानं निघते. जाड झाली की पत्रेच बदलावे लागतात. निचऱ्याची कॉक बंद करून "पाणी वाचवलं" म्हणणाऱ्या ठिकाणी हे आधी होतं.

दुसरी तपासणी गळतीची. ही फार कमी जण करतात, पण बियाण्यासाठी तीच जास्त महत्त्वाची. ओल्या चिंधीचा थर्मामीटर डक्टच्या तोंडाशी, गोदामात येणाऱ्या हवेत धरा. बाहेर तो २३ दाखवत असेल तर इथं २० च्या आसपास उतरला पाहिजे, कारण हवा थंड झाली पण ओली झाली नाही. इथंही तो २२-२३ च दाखवत असेल तर पाणी कोरड्या गल्लीत झिरपतंय. पत्रा फुटलाय किंवा सांध्याचं सील गेलंय. तुम्ही इनडायरेक्टचे पैसे देऊन साधा कूलर चालवताय. मशीन लगेच बंद करा आणि डक्टसमोरच्या थैल्यांचा ओलावा तपासा.

तिसरं म्हणजे पाण्याच्या नळीवर एक मीटर आणि निचऱ्याखाली एक बादली. दिवसाचा मीटर दीड हजारावरून तीन हजारावर गेला, तर मशीनची भूक वाढलेली नसते. टाकीचा फ्लोट अडकलेला असतो आणि पाणी ओव्हरफ्लोतून वाहत असतं. उलट मीटर हजाराच्या खाली आला आणि हवा पण तेवढी गार नाही, तर पंप किंवा फवारा बघा.

घेण्याआधी

कोटेशनवर चार आकडे लिहून मागा : ४२ अंश कोरडं आणि २३ अंश ओलं तापमान असताना येणाऱ्या हवेचं तापमान, त्याच वेळी तिचा दमटपणा, तासाला होणारी वाफ, आणि तुमच्या बोअरच्या टीडीएसला लागणारा निचरा. पाण्याची बाटली भरून विक्रेत्यालाच तपासायला द्या.

हे चार आकडे जो लिहून देईल त्याच्याशी पुढं बोलायचं. आणि बोलणी चालू असतानाच, मृग लागायच्या आत, छपराच्या पन्हाळी आणि टाकी पुरी करून घ्यायची. पुढच्या मेमध्ये लागणारं पाणी याच पावसाळ्यात पडणार आहे.